कुणी काहीच बोललं नाही, मग ‘सर्वानुमते मंजूर’ कसं झालं?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन-चार महिन्यांनी एकदा तरी हा वाद पेटतो. कुणीतरी विचारतं, “हे कधी ठरलं?” सचिव मिनिट्सचा फोटो टाकतात आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘सर्वानुमते मंजूर’. मग तिसरा म्हणतो, “मी त्या मीटिंगला होतो, पण मी हो कधी म्हटलं?” पूर्वी हा वाद इथेच विझायचा, कारण कोण काय म्हणालं याचा पुरावा कुणाकडे नसायचा. आता कमिटीच्या बैठका निम्म्या ऑनलाइन होतात आणि ॲप त्यांचा ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे कोण किती वाजता काय बोललं याची शब्दशः लेखी प्रत, हातात देतं. त्यामुळे वाद संपतील असं वाटलं होतं, पण ते वाढले. ट्रान्स्क्रिप्ट उघडल्यावर दिसतं, की तो सदस्य खरंच हो म्हणालेला नाही. तो नाही असंही म्हणालेला नाही. तो गप्प होता.

त्या गप्प राहण्याचं सारांशात काय करायचं हा आजचा प्रश्न आहे. तो सोसायटीच्या सचिवाला पडतो, ऑफिसात मीटिंगनंतर ‘काय ठरलं’ची मेल लिहिणाऱ्यालाही पडतो. मी सोसायटीचंच उदाहरण घेतो, कारण तिथे पैसे आपले असतात आणि भांडणारे शेजारी असतात.

## ट्रान्स्क्रिप्टमध्ये मौन दिसतच नाही

ट्रान्स्क्रिप्टमध्ये बोललेलं उतरतं. न बोललेलं उतरत नाही. दोन ओळींच्या मधे बारा सेकंद शांतता होती की अर्धा सेकंद, हे कित्येक ट्रान्स्क्रिप्ट सांगत नाहीत. ते प्रत्येक वाक्य कधी सुरू झालं एवढीच वेळ देतात, कधी संपलं ते देत नाहीत. मग वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो. सावकाश बोलणारा माणूस सेकंदाला साधारण दोन शब्द बोलतो. वीस शब्दांचं वाक्य दहा सेकंदांत संपलं असेल आणि पुढची ओळ एकवीस सेकंदांनी सुरू होत असेल, तर मधे दहा-अकरा सेकंद रिकामे गेले. हा हिशेब ढोबळच. पैशाचा विषय असेल तर रेकॉर्डिंगचा तेवढा तुकडा ऐकणं सोपं.

शिवाय त्या शांततेत काय काय लपलेलं असतं! कुणी मान डोलावली, ते उतरत नाही. कुणी अंगठा दाखवला, तेही नाही. कुणाचा माइक बंद होता आणि तो बंद माइकवर तावातावाने बोलत होता. कुणाचं नेट गेलं होतं. कुणी कॅमेरा बंद करून कुकरची शिट्टी मोजत होतं. आणि कुणी खरोखर ऐकून, विचार करून, पटल्यामुळे गप्प होतं. कागदावर हे सगळे सारखेच दिसतात.

हॉटेलात दहा जण बसलेत आणि एकाने म्हटलं, “सगळ्यांना चहा सांगतो,” तर गप्प राहिलेल्यांना चहा हवा आहे असं धरायला हरकत नाही. चुकलं तर एक कप उरेल. त्याच टेबलावर कुणी म्हणालं, “बिल जोशीकाका देतायत,” आणि काका गप्प राहिले, तर त्यांनी मान्य केलं असं कुणी धरत नाही. मौन तेच आहे, पण त्यातून कुणावर काय पडतं ते बदललं. सारांश लिहिताना हा फरक विसरला जातो.

## दोन उतारे

समजा एका सोसायटीच्या कमिटीत अकरा जण आहेत आणि तिच्या उपविधीनुसार कोरम, म्हणजे बैठक ग्राह्य धरायला लागणारी किमान उपस्थिती, सहाची आहे. रात्रीच्या ऑनलाइन बैठकीला आठ जण आले. उदाहरणादाखल मी रचलेला हा पहिला उतारा:

८:४१:०८ अध्यक्ष: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशन्स आली आहेत. मधलं साडेचार लाखांचं आहे, पाच वर्षांची वॉरंटी देतायत. मला वाटतं मधलंच घ्यावं.
८:४१:२२ खजिनदार: हं.
८:४१:२४ एक सदस्य: स्वस्तवाला वॉरंटी देत नाहीये.
८:४१:२९ अध्यक्ष: तेच ना. बरं, पार्किंगच्या स्टिकर्सचं काय झालं?

आणि हा दुसरा:

८:५२:१० अध्यक्ष: सिक्युरिटीचं कंत्राट ३१ मार्चला संपतंय. आत्ताच्याच एजन्सीला, आत्ताच्याच दराने, आणखी सहा महिने मुदतवाढ द्यायची, असा प्रस्ताव आहे. कुणाची काही हरकत?
८:५२:३१ अध्यक्ष: नाही. मग मंजूर. सचिव, एजन्सीला पत्र द्या.
८:५२:३७ सचिव: उद्या देतो.

दोन्हींत कुणी विरोध केलेला नाही. मजा अशी, की पहिल्यात लोक जास्त बोलले आहेत, दुसऱ्यात कुणीच ‘हो’ म्हटलेलं नाही. तरीही दुसऱ्या उताऱ्यात निर्णय झाला आहे आणि पहिल्यात झालेला नाही.

मौन मोजायचं असेल तर मौनाकडे बघून उपयोग नाही. त्याच्या आधी काय विचारलं गेलं आणि नंतर काय जाहीर झालं, ते बघायचं. दुसऱ्या उताऱ्यात आधी पूर्ण प्रस्ताव आहे: कोण, किती दिवस, कोणत्या दराने. मग थेट प्रश्न आहे. मग उत्तर द्यायला वेळ दिला आहे. नंतर ज्याला अधिकार आहे त्याने ‘मंजूर’ असं म्हटलं आहे आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. लगेच काम सोपवलं आहे आणि ते घेणाऱ्याने हो म्हटलं आहे. या साखळीतलं मौन हे उत्तर आहे.

पहिल्या उताऱ्यात ‘मला वाटतं’ आहे. ते अध्यक्षांचं मत झालं. प्रश्न विचारलेलाच नाही, त्यामुळे बाकीचे पाच जण कोणत्या प्रश्नावर गप्प राहिले हेच सांगता येत नाही. खजिनदारांचा ‘हं’ हा फोनवर बोलताना आपण मधूनमधून देतो तसला ‘हं’ आहे: ऐकतोय, पुढे बोला. आणि पाच-सात सेकंदांत विषय पार्किंगवर गेला. एखाद्याला ‘दोन लाखांचा फरक का?’ असं विचारायचं असतं तरी जागा कुठे होती?

## पण नंतर सगळे तसंच वागले तर?

इथे जाणकार वाचक अडवेल, आणि त्याने अडवायलाच हवं. समजा त्याच बैठकीत पुढे हे आहे:

९:०४:४० खजिनदार: मग वॉटरप्रूफिंगवाल्याला ॲडव्हान्सचा चेक काढू ना?
९:०४:४५ अध्यक्ष: काढा.

म्हणजे खजिनदारांच्या आणि अध्यक्षांच्या मनात ते ठरलं होतं! सारांश लिहिणाऱ्याने हा पुढचा पुरावा जरूर धरावा. बैठकीत लोक पुढे कसे वागले, यावरून आधी काय झालं ते बऱ्याचदा उलगडतं. पण हा पुरावा नेमका कशाचा आहे? दोघांनी ते ठरलं असं धरलं, याचा. अकरा जणांच्या कमिटीने ठरवलं, याचा नाही. दोघांनी मिळून साडेचार लाख खर्च करायचे असते तर कमिटी कशाला लागली असती?

माझ्या मते इथे सारांशात असं जावं: ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन कोटेशन्स ठेवण्यात आली. अध्यक्षांनी साडेचार लाखांचं, पाच वर्षांच्या वॉरंटीचं कोटेशन घ्यावं असं मत मांडलं. त्यावर विरोध झाला नाही; प्रस्ताव मंजुरीसाठी विचारण्यात आला नाही. पुढे ॲडव्हान्सचा चेक काढण्याची सूचना अध्यक्षांनी खजिनदारांना दिली.’ वाचायला जरा रूक्ष आहे. पण यातलं प्रत्येक वाक्य ट्रान्स्क्रिप्टवर बोट ठेवून दाखवता येतं. आणि मसुदा ग्रुपवर टाकण्याआधी सचिवांनी अध्यक्षांना एक फोन करावा: “चेक जायच्या आधी कमिटीची मंजुरी नीट घेऊ का?” अध्यक्ष म्हणाले, “अहो, ते ठरलंच होतं की,” तरी सारांशात ‘ठरलं’ लिहायचं नाही. नवी मंजुरी घ्यायची आणि ती तिच्या खऱ्या तारखेने नोंदवायची.

## चॅटमधली ओळ

आता दुसऱ्या, सरळ दिसणाऱ्या उताऱ्याकडे पुन्हा या. ऑनलाइन बैठकीचा चॅट बहुतेक वेळा वेगळ्या फाइलमध्ये जपला जातो आणि सारांश लिहिणारे तो उघडतच नाहीत. त्यात ८:५२:२६ वाजता एका सदस्याने लिहिलं आहे, ‘दर एकदा बाजारात विचारून बघूया का?’ म्हणजे ज्या दहा-अकरा सेकंदांना आपण शांतता म्हटलं, त्यांतच एक माणूस टाइप करत होता. अध्यक्षांनी चॅट पाहिला नाही आणि ‘मंजूर’ म्हणून पुढे गेले.

शिवाय उपस्थितांच्या नोंदीत दिसतं, की आणखी एक सदस्य ८:४९ला बाहेर पडले आणि ८:५५ला परत आले. नेट गेलं असणार. त्यांचं मौन हे मौनच नाही, ते तिथे नव्हते. कोरम मात्र शाबूत आहे, कारण सात जण होते.

मग निर्णय रद्द झाला का? नाही. अध्यक्षांनी जाहीर केलेला निर्णय सारांश लिहिणाऱ्याने रद्द करायचा नसतो, तो त्याचा अधिकारच नाही. पण ‘सर्वानुमते मंजूर’ हे आता लिहिता येत नाही. सरळ लिहावं: ‘अध्यक्षांनी हरकत विचारली, बोलून हरकत आली नाही, मुदतवाढ मंजूर झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले (उपस्थित सात). याच वेळी एका सदस्याने बाजारातील दर तपासावेत, अशी सूचना चॅटमध्ये केली होती. ती चर्चेला आली नाही.’ नाव लिहायचं की नाही ते त्या सदस्याला विचारून ठरवावं. पत्र अजून गेलं नसेल, तर अध्यक्षांना ती ओळ दाखवून विचारावं, की थांबायचं का. चॅटमधली सूचना ही हरकत होती की नुसती कल्पना, हे सचिवाने आपल्या मनाने ठरवू नये. ती ओळ लिहिणारा सदस्य आहेच, त्याला विचारता येतं.

## ‘सर्वानुमते’ हा शब्द इतका का जड आहे?

मिनिट्स लिहिताना आपला हात सवयीने ‘सूचक’, ‘अनुमोदक’, ‘सर्वानुमते मंजूर’ या साच्यात जातो. कित्येक सोसायट्यांच्या मिनिट्सच्या वहीत वर्षानुवर्षं एकही ठराव वेगळ्या शब्दांत मंजूर झालेला नसतो. सर्वानुमते म्हणजे हजर असलेल्या प्रत्येकाने मत दिलं आणि ते एकच निघालं. हरकत न आल्याने मंजूर म्हणजे विचारलं होतं, कुणी अडवलं नाही. दोन्हींत काम पुढे जातं, पण उद्या भांडण झालं तर दोन वाक्यं दोन वेगवेगळ्या गोष्टी सिद्ध करतात. पहिल्यात गप्प बसलेल्याच्या तोंडी आपण ‘हो’ घातलेला असतो.

कायद्याने हा फरक फार बारकाईने केला आहे, आणि तो कंपन्यांच्या संचालक मंडळांच्या नियमांत सगळ्यात स्वच्छ दिसतो. हे नियम सोसायटीला लागू नाहीत. सोसायटीला सहकार कायदा आणि तिचे उपविधी लागू. पण शिकायला चांगले. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ११८ नुसार मंडळाच्या बैठकीच्या मिनिट्समध्ये प्रत्येक ठरावाला ज्यांनी विरोध केला किंवा जे सहमत झाले नाहीत, त्या संचालकांची नावं लिहावी लागतात. आणि व्हिडिओवरून बैठक असेल तर २०१४ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयाची चर्चा संपल्यावर अध्यक्षांनी काय निर्णय झाला त्याचा सारांश तिथेच बोलून दाखवायचा असतो, असहमत संचालकांच्या नावांसह. प्रस्तावावर हरकत आली आणि तो मताला टाकावा लागला, तर एकेकाचं नाव पुकारून मत नोंदवायचं असतं. म्हणजे नियम करणाऱ्यांनी ओळखलं होतं, की पडद्यावरच्या मौनाचा अर्थ मिनिट्स लिहिणाऱ्यावर सोडला तर घोळ होणार. तो अर्थ बैठकीतच, सगळ्यांसमोर, मोठ्याने लावायचा.

## मसुदा फिरवला, कुणी काही म्हणालं नाही, मग झालं की!

ही सगळ्यात नेहमीची पळवाट. सचिव म्हणतात, “मी मिनिट्सचा मसुदा सगळ्यांना पाठवला होता. कुणी दुरुस्ती सुचवली नाही. म्हणजे सगळ्यांना मान्य.” अर्धं बरोबर आहे.

भारतीय कंपनी सचिव संस्थेने, म्हणजे आयसीएसआयने, संचालक मंडळाच्या बैठकांसाठी मानक नियम केले आहेत. त्यात मौनाचे दोन वेगवेगळे अर्थ शेजारी शेजारी दिले आहेत. मिनिट्सचा मसुदा संचालकांकडे गेला आणि सात दिवसांत कुणी काही कळवलं नाही, तर त्या संचालकाने मसुदा मान्य केला असं धरलं जातं. पण बैठक न घेता ठराव सगळ्यांकडे पाठवून मंजुरी मागितली आणि मुदतीत एखाद्याने उत्तरच दिलं नाही, तर त्याने हो म्हटलं असं धरत नाहीत. तो मतदानापासून दूर राहिला असं धरतात. पुरेशी ‘हो’ आली नाहीत तर ठराव मंजूर होत नाही.

माणूस तोच, मौन तेच, अर्थ उलटा. कारण मिनिट्सचा मसुदा निर्णय घ्यायला फिरवलेला नसतो. निर्णय आधी झालेला असतो, प्रश्न एवढाच असतो की तो बरोबर उतरला का. त्याला गप्प राहणं म्हणजे ‘नोंद बरोबर आहे’. मुळात बैठकीत जे ठरलंच नाही, ते मसुद्यात ‘ठरलं’ म्हणून घुसवायचं आणि मसुद्याला कुणी हरकत घेतली नाही म्हणून ते ठरलं असं मानायचं, ही चलाखी झाली. सहसा ती जाणूनबुजून होतही नाही. सारांश लिहिताना एका गोलमोल वाक्याचं नीटस वाक्य केलं जातं, आणि त्या नीटसपणात निर्णय जन्माला येतो.

## मग मौन कधीच संमती नसते का?

असते, पण तशी आधी व्यवस्था करावी लागते. मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे संयुक्त राष्ट्रांच्या महासभेला न्यूयॉर्कच्या सभागृहात जमता येईना. तेव्हा महासभेने मौनाची पद्धत लावली: ठरावाचा मसुदा सगळ्या सदस्य देशांकडे पाठवायचा, किमान ७२ तासांची मुदत द्यायची, आणि त्या वेळात कुणी हरकत घेतली नाही तर ठराव स्वीकारला गेला असं धरायचं. एकाही देशाने पत्र पाठवलं तर मौन मोडलं. तिथे मौन बोलतं, कारण मजकूर लेखी आहे, तो सगळ्यांपर्यंत पोहोचला आहे, मुदत ठरलेली आहे आणि गप्प राहण्याचा अर्थ गप्प राहण्याआधीच सगळ्यांना माहीत आहे.

हे नसेल तर काय होतं त्याचा एक जुना इंग्लिश खटला वकिलीच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवतात, १८६२चा, फेल्टहाउस विरुद्ध बिंडले. काकाने पुतण्याला पत्र लिहिलं: तुझ्या घोड्याबद्दल मला आणखी काही कळलं नाही, तर तो ३० पौंड १५ शिलिंगला माझा झाला असं मी समजेन. पुतण्याने उत्तर दिलं नाही. त्याला घोडा काकालाच द्यायचा होता. लिलाव करणाऱ्याला त्याने सांगितलंही होतं, की हा घोडा विकू नकोस. लिलाववाल्याने चुकून विकला. काकाने त्याच्यावर दावा लावला आणि काका हरले. पुतण्याने काकाला होकार कळवलेलाच नव्हता, त्यामुळे सौदा झालाच नव्हता. मला या खटल्यात विशेष हे वाटतं, की पुतण्याच्या मनात होकार होता तरी तो चालला नाही. एकाने ‘तू बोलला नाहीस तर मान्य’ असं जाहीर केल्याने दुसऱ्याचं मौन बांधलं जात नाही. मीटिंगनंतर ‘उद्यापर्यंत काही आलं नाही तर फायनल समजतो’ असा मेसेज टाकणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं. बैठकीत सगळ्यांनी मिळून तसा नियम केला असेल, तर गोष्ट वेगळी.

## प्रत्येक वेळी एकेकाला विचारत बसलो तर बैठक संपायची कधी?

बरोबर. म्हणूनच छोट्या कामांना मौन पुरतं. मागच्या बैठकीचे मिनिट्स कायम करणं, पुढची तारीख, जिन्यातला बल्ब बदलणं. ‘हरकत नसेल तर’ असं विचारावं, क्षणभर थांबावं आणि पुढे जावं. सारांशातही फार शब्द नकोत.

वजन वाढतं तशी मौनाची किंमत घटत जाते. मोठी रक्कम, मागे न घेता येणारं काम, गैरहजर माणसावर पडणारा बोजा, यांना उच्चारलेला ‘हो’ लागतो. काही बाबतीत तर तोही पुरत नाही. राज्य शासनाच्या ४ जुलै २०१९च्या निर्णयानुसार इमारतीच्या पुनर्विकासासाठी एकूण सदस्यांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, आणि ती लेखी. तिथे सभागृहातल्या शांततेचा सारांशात ‘संमती’ म्हणून उल्लेख करणं हे नुसतं ढिलं लेखन राहत नाही, ते प्रकल्पाला कोर्टात नेणारं लेखन होतं.

एका मौनाबद्दल मी मात्र अजिबात ढिलाई करणार नाही: ज्याच्यावर काम टाकलं त्याचं मौन. ‘पाण्याच्या टँकरचं कुलकर्णी बघतील,’ असं अध्यक्ष म्हणाले आणि पुढच्या दहा ओळींत कुलकर्ण्यांचा आवाजच नाही. सारांशात तरीही येतं, ‘जबाबदारी: कुलकर्णी’. ते त्या वेळी लाइनवर होते का, हेही कुणी पाहत नाही. लिहावं, ‘अध्यक्षांनी काम कुलकर्णी यांच्याकडे सुचवलं, त्यांचा होकार बाकी.’ आणि मग त्यांना फोन करावा. ऑफिसात हे आणखी अवघड, कारण साहेब बोलल्यावर नवा मुलगा गप्पच राहतो. त्याचं मौन त्याच्या कामाच्या बोज्याबद्दल काहीच सांगत नाही, त्याच्या जागेबद्दल सांगतं.

## गप्प बसणारा सुटतो का?

इतका वेळ गप्प माणसाच्या बाजूने बोललो, तेव्हा दुसरी बाजूही सांगायला हवी. कंपनी कायद्याच्या कलम २मध्ये दोषी अधिकारी कोण याची व्याख्या आहे. कायदा मोडला जातोय हे ज्या संचालकाला मंडळाच्या कामकाजाच्या कागदांतून कळलं, किंवा जो त्या कामकाजात भाग घेऊनही हरकत न घेता राहिला, तोही तिच्यात येतो. म्हणजे ज्याचं बोलणं हे कर्तव्य आहे, त्याच्या मौनाला कायदा माफ करत नाही. पण इथेही कायदा ‘तो हो म्हणाला’ असं म्हणत नाही. ‘त्याने हरकत घेतली नाही’ असंच म्हणतो. सारांश लिहिणाऱ्याने नेमके तेवढेच शब्द लिहावेत. त्यांचे परिणाम काय, ते पुढे ज्याचं त्याला भोगू दे.

आणि दोन आठवड्यांनी कुणी म्हणालं, “मी गप्प होतो, पण मला ते पटलं नव्हतं, मिनिट्समध्ये माझा विरोध घाला,” तर? घालू नये. मिनिट्स त्या रात्री काय झालं ते सांगतात आणि त्या रात्री विरोध झाला नव्हता. त्यांचं म्हणणं लेखी घ्यावं, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत टाकावं आणि तिथे, त्या तारखेला, त्यांच्या नावाने नोंदवावं. कमिटीला वाटलं तर ती आधीचा निर्णय बदलेल. सिक्युरिटीच्या पत्राचं मात्र त्याआधी बघायला हवं, कारण ते सचिवांनी ‘उद्या देतो’ म्हटलेलं आहे.